एकास चार

स्प्रिंगला लावलेलं वजन वरखाली एक फेरी किती वेळात पूर्ण करील, हे सांगायला घड्याळ लागत नाही, फूटपट्टी पुरते. रिकामी स्प्रिंग टांगायची, तिच्या खालच्या टोकाशी खूण करायची, मग वजन अडकवून हाताने अलगद खाली सोडायचं आणि टोक किती उतरलं ते बघायचं. ते १० सेंटिमीटर उतरलं असेल, तर १० सेंटिमीटर लांबीच्या साध्या लंबकाला एका आंदोलनाला जितका वेळ लागतो तितकाच या स्प्रिंगलाही लागतो. वजन किती ग्रॅमचं आहे, स्प्रिंग पोलादाची आहे की पितळेची, तिला वेढे किती, यातलं काहीही विचारावं लागत नाही.

कनिष्ठ महाविद्यालयात मी भौतिकशास्त्राची प्रॅक्टिकलं घेतो. जर्नलमध्ये स्प्रिंगचा प्रयोग एका पानावर असतो आणि लंबकाचा दुसऱ्या. दोन्हींची सूत्रं वेगळी, आलेख वेगळे, तोंडी परीक्षेतले प्रश्नही वेगळे. मुलं दोन्ही प्रयोग नीट करतात, पण ही दोन पानं एकमेकांशी बोलतात असं त्यांना कधी कुणी सांगत नाही. मला विचाराल तर या दोन्ही प्रयोगांतलं सगळ्यात मोलाचं ज्ञान त्या दोन पानांच्या मध्ये आहे, आणि ते एका ‘बिघडलेल्या’ रीडिंगमधून हाती लागतं. त्या रीडिंगकडे यायचं तर आधी ही फूटपट्टी का चालते ते बघायला हवं.

लंबकाचा दोलनकाल T = 2π√(L/g). स्प्रिंगचा T = 2π√(m/k), यात m म्हणजे वजनाचं वस्तुमान आणि k म्हणजे स्प्रिंगचा ताठरपणा. वजन शांत लटकत असताना पृथ्वीची ओढ आणि स्प्रिंगची ओढ सारख्या असतात. टोक e इतकं उतरलं असेल तर mg = ke, म्हणजेच m/k च्या जागी e/g लिहिता येतं. सूत्र होतं T = 2π√(e/g). लंबकाचंच सूत्र, फक्त दोरीच्या लांबीच्या जागी स्प्रिंगची उतरण.

पण सारख्या दिसणाऱ्या या दोन सूत्रांच्या पोटात वेगवेगळी गोष्ट आहे. लंबकाचं वजन दुप्पट केलं तर त्याला मागे खेचणारी ओढही दुप्पट होते आणि हलायला करावा लागणारा आटापिटाही दुप्पट होतो, म्हणून वेळ तोच राहतो. स्प्रिंगचं तसं नाही. तिची ओढ तिच्या वेढ्यांवर ठरते, वजन वाढवलं की फक्त सुस्ती वाढते. चंद्रावर गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या सुमारे एक षष्ठांश आहे. तिथे हाच लंबक जवळपास अडीचपट रेंगाळेल, स्प्रिंग मात्र इथल्याच चालीने वरखाली होत राहील, कारण तिथे तिची उतरणही एक षष्ठांश होईल आणि e/g हे गुणोत्तर जागच्या जागी राहील. स्प्रिंगच्या सूत्रातला g फक्त फूटपट्टीच्या वाटेने आत आलेला आहे.

आता प्रत्यक्ष आकडे घेऊ. समजा स्प्रिंग अशी आहे की दर ५० ग्रॅमला अडीच सेंटिमीटर उतरते. २०० ग्रॅमला १० सेंटिमीटर. सूत्राने दोलनकाल ०.६३५ सेकंद यायला हवा, म्हणजे २० आंदोलनांना १२.७ सेकंद. स्टॉपवॉच लावून मोजलं तर १३ सेकंदांच्या आसपास येतात. हा फरक बोटाच्या उशिराचा नाही, कारण तो प्रत्येक वेळी त्याच बाजूला येतो. तो स्प्रिंगच्या स्वतःच्या वजनाचा आहे. स्प्रिंग ३० ग्रॅमची असेल तर तिचा वरचा वेढा जागचा हलत नाही, खालचा वजनाइतक्याच वेगाने हलतो आणि मधले सगळे त्या प्रमाणात. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गावर अवलंबून असते, आणि शून्यापासून पूर्ण वेगापर्यंतच्या या वर्गांची सरासरी एक तृतीयांश भरते. म्हणून ३० ग्रॅमची स्प्रिंग १० ग्रॅमचं ओझं म्हणून वागते. २०० ऐवजी २१० धरले की दोलनकाल ०.६५० सेकंद येतो आणि २० आंदोलनांना १३ सेकंद. आलेखात दोलनकालाचा वर्ग उभ्या अक्षावर आणि वजन आडव्या अक्षावर घेतलं की सरळ रेषा शून्यातून जात नाही, आडव्या अक्षाला शून्याच्या डावीकडे १० ग्रॅमवर छेदते. अनेक मुलं ती रेषा ओढूनताणून शून्यातून नेतात. ती तशी नेऊ नये, स्प्रिंग आपलं वजन तिथेच सांगत असते.

ऊर्जेचं तोंडपाठ वाक्य असं असतं, की टोकाला सगळी स्थितिज, मध्यावर सगळी गतिज. लंबकाला ते चालतं. उभ्या स्प्रिंगला ते अपुरं पडतं, कारण तिथे स्थितिज ऊर्जेच्या दोन कोठ्या आहेत. एक स्प्रिंगच्या ताणाची, दुसरी वजनाच्या उंचीची. २०० ग्रॅमचं वजन समतोलाच्या जागेपासून ३ सेंटिमीटर खाली ओढून सोडलं, असं धरू आणि हिशेब सोपा राहावा म्हणून स्प्रिंगचं स्वतःचं वजन सोडून देऊ. अगदी खाली असताना स्प्रिंग १३ सेंटिमीटर ताणलेली आहे आणि तिच्यात सुमारे १६६ मिलिज्यूल ऊर्जा साठलेली आहे. वजन वर येत मध्यावर पोचलं की ताण १० सेंटिमीटर उरतो आणि स्प्रिंगमध्ये ९८ मिलिज्यूल राहतात. म्हणजे स्प्रिंगने ६८ मिलिज्यूल दिले. त्यातले ५९ वजन ३ सेंटिमीटर उचलण्यात गेले. वेगाच्या वाट्याला आले जेमतेम ९.

हे ९ मिलिज्यूल म्हणजेच या आंदोलनाची खरी पुंजी. बाकीची मोठी देवघेव स्प्रिंग आणि पृथ्वी आपसात करत असतात. वजन थेट वरच्या टोकाला गेलं की स्प्रिंगने दिलेले सगळेच्या सगळे, सुमारे ११८ मिलिज्यूल, उंचीत जमा झालेले असतात आणि वेग शून्य असतो. समतोलाच्या जागेपासून अंतर मोजलं की या दोन कोठ्या एकमेकींत मिसळून एकच साधी कोठी उरते, हे पुस्तकात एका ओळीत येतं. पण ती ओळ वाचण्याआधी एकदा हे १६६, ९८, ६८, ५९ लिहून बघावेत. नऊ मिलिज्यूल कुठून आले ते कळल्याशिवाय ते पुढे कुठे गेले हे कळत नाही.

कारण ते जातात, आणि तेच ते बिघडलेलं रीडिंग.

मुलं ५० ग्रॅमपासून सुरुवात करतात. १०० ठीक, १५० ठीक. २०० लावलं, खाली ओढलं, सोडलं. पहिली दहाबारा आंदोलनं सरळ वरखाली. मग वजन किंचित डुलायला लागतं. वीस होईपर्यंत वरखाली होणं मंदावतं आणि वजन लंबकासारखं डावी-उजवीकडे झुलायला लागतं. मोजणारा गोंधळतो, स्टॉपवॉच थांबवतो आणि ठरलेलं वाक्य येतं, “सर, माझ्या हाताने तिरकं सुटलं.” मग तो पुन्हा सोडतो, अगदी जपून. या वेळी जरा उशिरा, पण पुन्हा तेच. शेजारच्या टेबलावरची मुलगी २५० ग्रॅमला तितक्याच बेपर्वाईने सोडते आणि तिचं वजन बऱ्यापैकी सरळ वरखाली होत राहतं. दोष हाताचा असता तर तो वजन बघून लागला नसता.

इथे फूटपट्टी पुन्हा हातात घ्यायची. २०० ग्रॅमला स्प्रिंगची उतरण १० सेंटिमीटर. रिकामी असताना टांगणीच्या हुकापासून वजनाच्या मध्यापर्यंतचं अंतर समजा ३० सेंटिमीटर होतं. वजन लावल्यावर ते झालं ४०. आता ही स्प्रिंग आणि वजन मिळून एक लंबकही आहे, ४० सेंटिमीटर लांबीचा. वरखाली होणं म्हणजे १० सेंटिमीटरचा लंबक, झुलणं म्हणजे ४० सेंटिमीटरचा. लांबी चौपट, म्हणून वेळ दुप्पट. एकदा झुलण्याच्या वेळात ते वजन बरोबर दोनदा वरखाली होतं. सगळी गोष्ट या एकास चारमध्ये आहे.

दोनदा का, हे ज्याने नागपंचमीला झाडाच्या झोक्यावर उभं राहून झोका चढवला आहे त्याच्या गुडघ्यांना ठाऊक आहे. झोका टोकाला गेला की खाली बसायचं, मध्यातून जाताना उभं राहायचं. एका येण्याजाण्यात दोनदा बसणं, दोनदा उठणं. मध्यातून जाताना दोर सर्वांत जोरात खेचत असतात, त्या क्षणी त्या ओढीविरुद्ध स्वतःला वर उचलणं म्हणजे झोक्यात ऊर्जा भरणं. टोकाला दोर सैलावलेले असताना खाली बसलं की त्यातली थोडीच परत जाते. उरते ती झोक्याची. आपल्या स्प्रिंगला गुडघे नाहीत, पण तिची लांबी स्वतःहूनच झुलण्याच्या एका फेरीत दोनदा कमीजास्त होत असते. वजनाला केसाएवढं तिरकेपण असलं आणि ही वेळ जुळली, की स्प्रिंग ते तिरकेपण चढवत नेते.

किती वेगाने चढवते, याचा अंदाज काढता येतो. ३ सेंटिमीटर वरखाली होणाऱ्या, ४० सेंटिमीटर लांबीच्या आपल्या मांडणीत वेळ तंतोतंत जुळली तर तिरकेपण दर साडेतीन-चार सेकंदांना सुमारे पावणेतीनपट होतं. सुरुवातीला एक मिलिमीटर असेल तर बारातेरा सेकंदांत ते तीनेक सेंटिमीटर होतं. म्हणजे बरोबर वीस आंदोलनं मोजून होण्याच्या सुमाराला. जपून सोडलं की सुरुवातीचं तिरकेपण घटतं आणि खेळ काही सेकंद पुढे ढकलला जातो. टळत नाही.

सगळी ऊर्जा झुलण्यात गेली तर किती मोठं झुलणार? तेच नऊ मिलिज्यूल. ४० सेंटिमीटरच्या दोरीवर २०० ग्रॅम वजन साडेचार मिलिमीटर वर चढवायला तेवढे पुरतात, आणि तेवढं चढण्यासाठी ते मध्यापासून ६ सेंटिमीटर बाजूला जातं. ३ सेंटिमीटरचं वरखाली ६ सेंटिमीटरचं आडवं होतं. मागे पट्टी धरून बघा, हवेच्या विरोधात थोडं कमी होईल, पण हिशेब ओळखू येईल इतका जवळ येतो.

मग ते परत येतं. झुलणारं वजन मध्यातून जाताना स्प्रिंगला थोडं जास्त खेचतं, टोकाला थोडं कमी. आपल्या ६ सेंटिमीटरच्या झुल्यात २०० ग्रॅमचं वजन मध्यावर साडेचार ग्रॅमने जड आणि टोकाला दोनेक ग्रॅमने हलकं भासतं. फरक अगदी मामुली, पण तोही झुलण्याच्या एका फेरीत दोनदा येतो, आणि स्प्रिंगची स्वतःची चाल नेमकी तीच आहे. असे हलके हिसके लागोपाठ योग्य क्षणी बसत गेले की वजन पुन्हा वरखाली व्हायला लागतं, झुलणं विरतं, आणि थोड्या वेळाने पुन्हा झुलणं सुरू होतं. दुसऱ्यांदा झुलताना ते बहुधा पहिल्या दिशेने झुलत नाही. आधी खिडकी-फळा असं झुललं असेल तर नंतर तिरकं, टेबलाच्या कोपऱ्याकडे झुलतं.

या अदलाबदलीच्या मधल्या काळात समोर उभं राहून वजनाचा मार्ग बघावा. ते आडव्या पाडलेल्या इंग्रजी आठासारखी वाट काढतं. मध्यातून जाताना ते वर चढत असेल आणि दोन्ही टोकांना खाली उतरत असेल, तर स्प्रिंग झोका चढवते आहे, ऊर्जा झुलण्याकडे चालली आहे. मध्यातून उतरत आणि टोकांना चढत असेल तर ती परत येते आहे. नुसत्या डोळ्यांनी ऊर्जेची दिशा वाचता येते, असं या पातळीवरच्या प्रयोगांत मला दुसरं काही सापडलेलं नाही. ते दिसतं तेव्हा मी मोजणी थांबवायला सांगतो.

स्प्रिंगचं वजन हिशेबात धरलं तर एकास चारची जागा थोडी सरकते. तिच्या तीस ग्रॅममुळे वरखाली होणं थोडं मंदावतं आणि झुलणं थोडं वेगावतं. आपल्या स्प्रिंगसाठी वेळ तंतोतंत जुळते ती सुमारे १८० ग्रॅमला. पण २०० ला तरी खेळ का होतो? कारण जुळणी नेमकी असावी लागत नाही. वजन जितकं जास्त ओढून सोडाल तितकी ही पकड रुंद होते. ३ सेंटिमीटरला २०० ग्रॅम त्या पकडीत येतं. त्याच २०० ग्रॅमला एक सेंटिमीटरच ओढून सोडलं तर ते पकडीबाहेर राहतं आणि रीडिंग सरळ मिळतं. स्प्रिंगचा दोलनकाल आयामावर अवलंबून नसतो असं आपण शिकवतो, ते खरंच आहे. तरीही इथे आयाम कमी ठेवा असं सांगावं लागतं, आणि त्याचं कारण बहुतेक जर्नलांत लिहिलेलं नसतं.

दुसरा उपाय जास्त पक्का आहे. हुक आणि स्प्रिंग यांच्यामध्ये ३० सेंटिमीटर दोरा बांधायचा. दोऱ्याने उतरण बदलत नाही, म्हणून वरखाली होण्याचा वेळ तोच राहतो. झुलणाऱ्या लंबकाची लांबी मात्र ४० ची ७० होते. एकास चारचं एकास सात झालं, की वेळ जुळत नाही आणि वजन निमूटपणे वरखाली होतं. हीच युक्ती उलट वापरता येते. २५० ग्रॅमला उतरण साडेबारा, म्हणून लांबी हवी ५०. आहे साडेबेचाळीस. कागदावर साडेसात सेंटिमीटर दोरा पुरतो. स्प्रिंगच्या वजनामुळे प्रत्यक्षात दहा-साडेदहाच्या आसपास लागतो. तेवढा दोरा बांधला की आतापर्यंत सरळ वागणारं २५० ग्रॅमही झुलायला लागतं. जी गोष्ट हवी तेव्हा थांबवता येते आणि हवी तेव्हा घडवता येते, तिला हाताची चूक म्हणता येत नाही.

हा खेळ प्रयोगशाळेच्या टेबलापुरता नाही. १९३३ साली मॉस्कोच्या व्हिट आणि गोरेलिक या दोघांनी या झुलत्या स्प्रिंगवर निबंध लिहिला, तो कार्बन डायऑक्साइडच्या रेणूसाठी. या रेणूत कार्बनच्या दोन बाजूंना दोन ऑक्सिजन असतात. ते एकदम आतबाहेर होऊ शकतात, ही जणू स्प्रिंगची चाल. रेणू मधून वाकूही शकतो, ही झुलण्याची. पहिलीची वारंवारता दुसरीच्या जवळजवळ दुप्पट आहे. १९२८ साली रामन यांनी प्रकाशाच्या विखुरण्यातून रेणूंची कंपनं वाचायची वाट दाखवली होती. त्या वाटेने कार्बन डायऑक्साइड पाहिला तर जिथे एक रेषा अपेक्षित होती तिथे दोन ठळक रेषा दिसल्या. दोन्ही कंपनं एकमेकांत इतकी मिसळलेली आहेत की कोणती रेषा कोणाची हे वेगळं सांगता येत नाही, हे स्पष्टीकरण एन्रिको फर्मी यांनी १९३१ मध्ये दिलं. व्हिट आणि गोरेलिक यांनी त्याचंच रूप टेबलावर टांगून दाखवलं. पुढे व्हिट स्टालिनच्या काळात अटकेत गेले आणि तिथेच वारले. आंदोलनांवरच्या ज्या मोठ्या ग्रंथाचे ते सहलेखक होते त्याच्या १९३७ च्या आवृत्तीतून त्यांचं नाव गाळलं गेलं, ते दुसऱ्या आवृत्तीत परत आलं. स्प्रिंग झुलायला लागली की मी वर्गात त्यांचं नाव घेतो. ते घेतलं जायला हवं, असं मला वाटतं.

प्रॅक्टिकल घेणाऱ्या माझ्या सोबत्यांना एवढीच विनंती आहे. विद्यार्थी “सर, हे झुलतंय” किंवा “मॅडम, रीडिंग बिघडलं” म्हणत आला तर ते रीडिंग खोडायला सांगू नका. आधी त्याच्या हातात फूटपट्टी द्या, उतरण आणि हुकापासून वजनाच्या मध्यापर्यंतची लांबी मोजू द्या, आणि दुसऱ्या संख्येला पहिलीने भागायला सांगा. उत्तर चारच्या जवळ आलं तर तो आकडा त्याच पानावर, त्या रीडिंगसमोर लिहून ठेवू द्या.